सही करण्याआधी : गुडघेबदलाची संमती नेमकी कशाला द्यायची?

झिजलेला गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. झीज दहा-पंधरा वर्षं चाललेली असते आणि आणखी दोन-तीन महिने थांबल्याने जिवाला धोका नसतो. म्हणजे या शस्त्रक्रियेबद्दल सविस्तर बोलायला डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही भरपूर वेळ असतो. तरीही अनेक ठिकाणी संमतिपत्र रुग्णापुढे येतं ते दाखल झाल्यावर, आदल्या संध्याकाळी. हाताला सुई टोचलेली असते, पैसे भरलेले असतात, मुलगी पुण्याहून रजा काढून आलेली असते. इंग्रजीत छापलेल्या चार पानांवर नर्स बोटाने जागा दाखवते आणि सही होते.

कायद्याला संमती म्हणून हे अपेक्षित नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ‘खरी आणि वैध संमती’ म्हणजे काय ते स्पष्ट केलं. उपचार कोणता आणि तो कसा करणार, त्याचा उद्देश आणि फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढी माहिती रुग्णाला समजेल अशी मिळाली पाहिजे. दुर्मीळातली दुर्मीळ गुंतागुंत सांगितलीच पाहिजे असं न्यायालय म्हणत नाही. आणि रुग्ण सज्ञान, शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच लागते, मुलाची किंवा नवऱ्याची नव्हे.

हे बोलणं प्रत्यक्षात कसं व्हावं, ते एका काल्पनिक रुग्णाच्या निमित्ताने पाहू. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या काकू, वय ६६, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वजन ८२ किलो, मधुमेह, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ८.६. उजव्या गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं, डावा त्यापेक्षा बरा. दोन वर्षं मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज चालू. सोबत मुलगा आणि सून.

आधी प्रश्न, मग माहिती

मुलगा सुरुवातीलाच म्हणतो, “डॉक्टर, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. दोन्ही गुडघे एकदमच उरकून टाका.”

चांगला सर्जन इथे काकूंकडे वळतो. “काकू, गुडघ्यामुळे तुमचं काय काय अडलंय? आणि ऑपरेशननंतर काय करता यावं असं वाटतं?”

“रात्री झोप मोडते हो. बाजारापर्यंत चालवत नाही, दहा मिनिटांत बसावं लागतं. आणि पूजेला खाली मांडी घालून बसायचंय. आता स्टूल घ्यावं लागतं.”

इथे तीन अपेक्षा आल्या आणि तिन्ही सारख्या पूर्ण होणार नाहीत. झोप मोडणारी वेदना आणि चालणं यांत या शस्त्रक्रियेचा सर्वांत जास्त उपयोग होतो. मांडी घालून बसण्याचं आश्वासन मात्र देता येत नाही. नेहमीच्या इम्प्लांटचा गुडघा साधारण ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. खुर्चीतून उठायला, जिना चढायला तेवढं पुरतं. उकिडवं बसायला पुरत नाही आणि मांडी घालताना पडणारा पीळ सांध्याला सोसत नाही. ऑपरेशनआधी गुडघा जितका वाकतो त्यावर नंतरचं वाकणंही बरंचसं ठरतं, म्हणून आधीच ताठरलेल्या गुडघ्याने फार आशा धरू नये.

म्हणून डॉक्टर स्पष्ट सांगतो, “काकू, पूजेचं स्टूल राहणारच आहे आणि संडासही कमोडचाच लागेल. एवढं मान्य असेल तर पुढचं बोलू.” हे वाक्य ऑपरेशननंतर ऐकावं लागलं तर फसवणूक वाटते. आधी ऐकलं तर त्यावर विचार करता येतो.

नेमकं काय करतात

“तुमचा गुडघा काढून दुसरा बसवत नाहीत,” डॉक्टर गुडघ्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल हातात देतो. “मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक, यांवरचा झिजलेला थर साधारण आठ-दहा मिलिमीटर कापून घेतात. दाताला कॅप बसवतात तशी त्यावर धातूची टोपी बसते. दोन्हींच्या मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती असते. कडेचे मुख्य स्नायूबंध तुमचेच राहतात. कमरेतून भूल देतात, ऑपरेशनला साधारण दीड तास लागतो.”

सून विचारते, “रोबोटने केलं तर जास्त चांगलं ना?”

“रोबोटमुळे हाडाचा काप ठरवल्याप्रमाणे जास्त अचूक येतो, हे खरं. पण त्यामुळे रुग्णाचं दुखणं आणखी कमी होतं किंवा तो जास्त चांगला चालतो, असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. पैसे जास्त लागतात. त्यासाठी कर्ज काढू नका.”

इम्प्लांटच्या किमतीबद्दलही इथेच बोलावं. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या संचासाठी ती जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ठरली होती, त्यानंतर तिच्यात फेरबदल होत आले आहेत. मर्यादा फक्त इम्प्लांटला आहे. खोली, भूल, सर्जन, फिजिओथेरपी हे सगळं वेगळं. म्हणून ‘पॅकेज’चा एकच आकडा न ऐकता इम्प्लांटचा प्रकार आणि त्याची किंमत वेगळी लिहून मागावी.

फायदा, शंभर जणांच्या हिशेबात

“शंभर टक्के बरं होईल” या वाक्यातून काही कळत नाही. शंभर रुग्ण डोळ्यांपुढे आणले की कळतं.

“तुमच्यासारख्या शंभर जणांनी ऑपरेशन केलं, तर वर्षभराने साधारण ऐंशी जण समाधानी असतात. दुखणं खूप कमी झालेलं असतं, चालणं वाढलेलं असतं. उरलेले वीस जण पूर्ण समाधानी नसतात. त्यांतल्या काहींचं दुखणं राहतं, काहींना गुडघा आखडल्यासारखा वाटतो, काहींनी वेगळीच अपेक्षा धरलेली असते. एक्स-रे उत्तम दिसत असतानाही हे घडू शकतं.”

“आणि टिकतो किती?” मुलगा विचारतो.

२०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वेगवेगळ्या देशांतल्या नोंदी एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यानुसार पूर्ण गुडघेबदल केलेल्या शंभरांपैकी साधारण ८२ जणांचा सांधा २५ वर्षांनंतरही टिकून होता. काकूंच्या वयाला हा हिशेब अनुकूल आहे. बहुतेकांना एकच ऑपरेशन आयुष्यभर पुरतं. पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषाला मात्र तेच सांगता येत नाही. पुढे कधीतरी पुन्हा सांधा बदलावा लागण्याची शक्यता त्याच्या बाबतीत कितीतरी जास्त असते आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं.

धोके : हमखास होणारे, अधूनमधून होणारे, क्वचित होणारे

धोक्यांची लांब यादी एका दमात वाचली की रुग्णाला सगळेच सारखे वाटतात. म्हणून त्यांचे तीन गट करून सांगणं बरं.

पहिल्या गटात बहुतेकांना होणाऱ्या गोष्टी येतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर होते, कारण त्वचेची एक छोटी नस कापात येते. ही बधिरता हळूहळू कमी होते, काहींची कायम राहते. चालताना धातू-प्लॅस्टिकचा टकटक आवाज येतो. गुडघ्यावर टेकून बसणं अनेकांना नकोसं होतं. यांतलं काहीच बिघाडाचं लक्षण नाही, पण आधी सांगितलं नसेल तर रुग्ण घाबरतो.

दुसरा गट अधूनमधून होणाऱ्यांचा. शंभरांत दोन ते पाच जणांचा गुडघा इतका आखडतो की पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागतो. शंभरांत एक-दोघांच्या पायात किंवा फुप्फुसात त्रास देणारी रक्ताची गुठळी होते. ती टाळण्यासाठी काही आठवडे रक्त पातळ ठेवणारं औषध देतात.

तिसरा गट क्वचित घडणाऱ्या, पण गंभीर गोष्टींचा. त्यात जंतुसंसर्ग सर्वांत महत्त्वाचा, म्हणून डॉक्टर त्यावर जास्त वेळ थांबतो.

“काकू, शंभरांत साधारण एकाच्या सांध्यात जंतू शिरतात. धातूवर जंतूंचा थर बसला की नुसत्या गोळ्यांनी तो जात नाही. लवकर कळलं तर सांधा उघडून धुतात आणि प्लॅस्टिकची चकती बदलतात. उशिरा कळलं तर सहसा बसवलेलं सगळं काढून तिथे औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी नवा सांधा बसवतात. म्हणजे दोन ऑपरेशनं आणखी. तुमची साखर ८.६ आहे, म्हणून तुमचा धोका या एकापेक्षा जास्त आहे.”

इथे सर्वसाधारण आकडा काकूंचा स्वतःचा होतो. बहुतेक सर्जन एचबीए१सी साडेसात-आठच्या खाली आल्याशिवाय हे ऑपरेशन करत नाहीत. दातातला पू, पायावरची जखम, लघवीचा संसर्ग हेही आधी निस्तरावं लागतं.

पायाची मोठी नस किंवा रक्तवाहिनी दुखावणं, हाड मोडणं, हृदयविकाराचा झटका हेही याच गटात. ऑपरेशननंतर पहिल्या तीन महिन्यांत मृत्यू येण्याचं प्रमाण, जिथे सगळ्या शस्त्रक्रियांची नोंद ठेवली जाते अशा देशांत, हजारांत साधारण तीन-चार किंवा त्याहून कमी आहे.

मग मुलाच्या ‘दोन्ही एकदम’चा विषय. भूल एकदाच, मुक्काम एकदाच, खर्च थोडा कमी, हे फायदे खरे आहेत. पण रक्त जास्त जातं, ते चढवावं लागण्याची शक्यता वाढते आणि हृदयावरचा ताण व फुप्फुसातल्या गुठळीचा धोकाही वाढतो. तब्येत ठणठणीत आणि दोन्ही गुडघे सारखेच खराब असतील तर विचार करता येतो. काकूंना मधुमेह आहे, वजन जास्त आहे आणि डावा गुडघा अजून बरा आहे. “डाव्याला आज हात लावायचं कारण मला दिसत नाही,” डॉक्टर म्हणतो.

ऑपरेशन न करता काय करता येतं

हा भाग बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकला जातो, “आता दुसरा इलाज नाही.” त्यावर डेन्मार्कमध्ये झालेला एक अभ्यास बोलका आहे. तो २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. गुडघेबदलासाठी योग्य ठरलेल्या शंभर रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. पन्नास जणांनी ऑपरेशन आणि त्यानंतर बारा आठवड्यांचा कार्यक्रम घेतला. त्यात व्यायाम, आहाराचा सल्ला, बुटातल्या गाद्या आणि गरजेपुरती औषधं होती. उरलेल्या पन्नास जणांनी फक्त हा कार्यक्रम घेतला.

वर्षभराने दुखणं, हालचाल आणि रोजचं जगणं यांची शंभर गुणांवर मोजणी झाली. ऑपरेशनच्या गटात सरासरी सुधारणा ३२ गुणांची होती, दुसऱ्या गटात १६ गुणांची. म्हणजे ऑपरेशन सरस ठरलं. पण दुसऱ्या गटातल्या पन्नासपैकी फक्त तेरा जणांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं. ३७ जणांचं त्याविना भागलं. गंभीर त्रासाच्या नोंदी ऑपरेशनच्या गटात २४ होत्या, दुसऱ्या गटात ६. अतिशय तीव्र वेदना असलेल्यांना या अभ्यासात घेतलं नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं. जास्त सुधारणा हवी तर जास्त धोका पत्करावा लागतो, आणि तो पत्करायचा की नाही हे रुग्णाने ठरवायचं.

काकूंना डॉक्टर पर्याय सांगतो ते असे. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून निदान तीनदा, बारा आठवडे. वजन पाच किलोने जरी उतरलं तरी चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार त्याच्या काही पट कमी होतो. काठी डाव्या हातात, कारण दुखरा गुडघा उजवा आहे. बहुतेक जण ती नेमकी उलट्या हातात धरतात. रोजच्या गोळ्या बंद, कारण मधुमेहात त्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. त्याऐवजी गुडघ्यावर लावायचं मलम. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण ते घेतल्यावर तीन महिने तरी ऑपरेशन करू नये, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

“आमच्या शेजारच्यांनी वंगणाचं इंजेक्शन घेतलं,” सून म्हणते.

“त्याचा उपयोग झालाच तर थोडा होतो. ब्रिटनची आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्था तर ते देऊच नका म्हणते. झिजलेली गादी त्याने पुन्हा भरत नाही. आणि दुर्बिणीने गुडघा धुऊन घ्या असं कोणी सांगितलं तर नको म्हणा. नुसत्या झिजेसाठी त्याचा फायदा होत नाही, हे २००२ सालीच एका अमेरिकी अभ्यासात दिसलंय. तिथे काही जणांच्या त्वचेवर फक्त काप घेऊन टाके घातले होते. त्यांना आणि खरोखर धुऊन घेतलेल्यांना सारखाच आराम पडला.”

झीज एकाच कप्प्यात असेल तर अर्धा गुडघा बदलता येतो. तरुण रुग्णाचं हाड कापून पायाची रेषा सरळ करता येते. काकूंच्या वाटीमागेही झीज आहे आणि वयही जास्त आहे, म्हणून डॉक्टर हे दोन पर्याय सांगतो, पण त्यांच्यासाठी सुचवत नाही.

आणि काहीच केलं नाही तर? “दुखणं कमी-जास्त होत राहील, पाय आणखी वाकडा होऊ शकतो. फार वर्षं गेली तर ऑपरेशन थोडं अवघड होईल. पण जिवाला धोका नाही. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.”

घरी गेल्यावर

“ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. तीन-चार दिवसांत घरी. बारा ते चौदा दिवसांनी टाके निघतात. दोन ते चार आठवडे वॉकर, मग काठी. साधारण सहा आठवड्यांनी घरात मोकळं चालता येतं. सूज आणि गरमपणा तीन ते सहा महिने राहतो. पूर्ण फायदा दिसायला वर्ष लागतं.”

पहिले दोन-तीन आठवडे दुखतं, आणि व्यायाम त्या दुखण्यातच करावा लागतो. नव्वद अंशांपर्यंत वाकवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच गुडघा पूर्ण सरळ होणंही. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपलं की तो अर्धवट वाकलेलाच आखडतो आणि चालताना पाय लंगडतो. घरच्यांनी उशी काढून घेतली तर तो छळ समजू नये.

घोट्यापर्यंत काळंनिळं होणं, गुडघा गरम लागणं हे चालतं. पण पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, छातीत दुखलं, आठवड्यानंतरही जखमेतून पाणी झिरपत राहिलं किंवा कमी होत आलेलं दुखणं अचानक वाढलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. जखम झिरपत असताना मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नये. त्याने जंतुसंसर्ग झाकला जातो आणि सांधा धुऊन वाचवता आला असता ती वेळ निघून जाते.

समजलं का, हे कसं कळणार?

“समजलं ना?” असं विचारलं की सगळे मान डोलावतात. म्हणून डॉक्टर वेगळं विचारतो, “काकू, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी जाऊन तुम्ही मुलीला काय सांगाल?”

काकू सांगतात, “एकच गुडघा करायचा, उजवा. दुखणं कमी होईल. साखर उतरवायची. आणि सहा आठवड्यांत पहिल्यासारखं सगळं.”

शेवटचं वाक्य चुकलं. सहा आठवड्यांत घरातलं चालणं येईल, बाजार तीन महिन्यांनी, आणि मांडी घालणं नाहीच. डॉक्टर तेवढं पुन्हा सांगतो. हा प्रश्न विचारला नसता तर ती चूक सहीखाली तशीच राहिली असती.

मुलगा तारीख मागतो. काकू म्हणतात, “आधी तीन महिने व्यायाम आणि साखर. तेव्हाही रात्रीची झोप मोडत असेल तर उजवा करू.” डॉक्टर तेच केसपेपरवर लिहितो, तारखेसह.

तीन महिन्यांनी ऑपरेशन ठरलंच, तर काकूंनी सही करायच्या कागदावर काय असावं? भाषा मराठी. ‘उजवा गुडघा’ हे शब्द पूर्ण लिहिलेले. ऑपरेशनच्या दिवशी सर्जनने स्वतः त्याच पायावर पेनने खूण करायची. ऑपरेशन कोण करणार त्याचं नाव. नाकारलेले पर्याय. काकूंच्या मधुमेहामुळे वाढलेला जंतुसंसर्गाचा धोका, छापील यादीत नसेल तर हाताने लिहिलेला. भूल आणि रक्त चढवणं यांची संमती वेगळी. सही केल्यावरही भूल देण्यापूर्वी कधीही माघार घेता येते, हे वाक्य. या कागदाची प्रत घरी न्यावी. आणि ऑपरेशननंतर इम्प्लांटवरचं कंपनी व बॅच क्रमांकाचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावं. पंधरा-वीस वर्षांनी तो सांधा उघडायची वेळ आलीच, तर आत कुठल्या मापाचा आणि कुठल्या बनावटीचा भाग आहे हे त्या वेळच्या सर्जनला त्या स्टिकरवरूनच कळेल.